दहा वर्षांच्या लेकीचा स्वयंपाकाचा रविवार

प्रश्न: आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लेक पाचवीत आहे, दहा वर्षांची. सध्या कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे आम्ही दोघंही दिवसभर वावरात असतो आणि ती शाळेतून आली की आजीसोबत घरी असते. तिला स्वयंपाक शिकायची फार हौस आहे, पण आजी म्हणते अजून लहान आहे, भाजून घेईल. घरी गॅस आहे, चूलही आहे. एखाद्या रविवारी मी दिवसभर घरी थांबून तिला शिकवलं, तर काय काय शिकवावं आणि कोणत्या क्रमानं?

उत्तर:

ताई, आजींची भीती खरी आहे. त्या भीतीला धरूनच दिवस आखायचा. मी बरीच वर्षं शाळेतल्या आणि वस्तीवरच्या मुलांना स्वयंपाक शिकवते. पदार्थ निवडताना तो करायला किती सोपा आहे याकडे मी नंतर बघते. त्यात मुलाचा हात कोणत्या तापलेल्या गोष्टीजवळ जातो आणि किती वेळ जातो, हे आधी बघते. आपल्याला वरणाचा कुकर सोपा वाटतो, कारण शिट्ट्या मोजल्या की काम झालं. पण त्यात कोंडलेली वाफ असते आणि झाकण केव्हा उघडायचं ही समज दहाव्या वर्षी पक्की नसते. चून तर पाच मिनिटांत होतं, पण घट्ट होताना त्याचे बुडबुडे फुटून गरम बेसनाचे शिंतोडे हातावर येतात, आणि ते पाण्यासारखे ओघळून जात नाहीत, कातडीला चिकटून बसतात. म्हणून कुकर, चून आणि तळण या वर्षी नको. भाकर तिनं थापावी, तव्यावर तुम्ही टाकावी.

पहिल्या रविवारी तीनच पदार्थ घ्या: सकाळी काकडी-टमाटरची कोशिंबीर, नंतर कांदेपोहे आणि दुपार उतरताना ज्वारी-बेसनाचे धिरडे. कोशिंबिरीत आग नाही, चाकू आहे. पोह्यांत थोडं तेल आणि थोडी वाफ आहे. धिरड्यात तापलेला तवा आहे आणि पालटायचं काम आहे. एका पदार्थात एकच नवी जोखीम आली, की तिचं सगळं लक्ष तिथे राहतं.

आधी जागेचं बघा. चूल त्या दिवशी पेटवूच नका. चुलीची आग कमी करायची तर लाकूड ओढावं लागतं, निखारा बाहेर पडतो, आणि खाली बसलेलं मूल चटकन मागे सरकू शकत नाही. सांडलं तर ते थेट मांडीवर येतं. गॅसची शेगडी जमिनीवर असेल तर तीही वर घ्यायला हवी. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असावी असा नियमच आहे. ओट्यावर असेल तर मात्र उलटा त्रास होतो: ओटा, त्यावर शेगडी, तिच्यावर कढई, असं मिळून कढईची कड पोरीच्या छातीपर्यंत येते. मग ती टाचा उंच करून कढईवर वाकते आणि वाफ तोंडावर घेते. लेकीला शेगडीसमोर उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा. कढईची कड कोपराच्या खाली आली पाहिजे. येत नसेल तर शेगडी एखाद्या पक्क्या, न डुगडुगणाऱ्या टेबलावर मांडा. स्टूलवर पोरीला उभं करू नका, मागे सरकताना पाय चुकतो. कढई सपाट बुडाची आणि जाड घ्या. गोल बुडाची कढई ढवळताना बर्नरवर फिरते. दांडा असेल तर तो आतल्या बाजूला वळवून ठेवा.

अंगात सुती फ्रॉक किंवा सदरा, ओढणी नको, केस घट्ट बांधलेले आणि काचेच्या बांगड्या काढलेल्या. पंखा बंद, खिडकी उघडी. एक बादली साधं पाणी जवळ भरून ठेवा, ते कशासाठी हे पुढे सांगते. आणि तिला उपाशी सुरुवात करू देऊ नका. आधी दूध, पोळी काहीतरी खाऊ घाला. भूक लागलेलं मूल घाई करतं आणि कच्चंच उचलतं.

साडेआठ-नऊला कोशिंबिरीला बसा. दोन काकड्या, दोन टमाटर, मूठभर सांबार, पाव वाटी भाजलेले फल्लीदाणे, अर्धं लिंबू, मीठ आणि चिमूटभर तिखट. आपल्याकडे चिरायला विळी असते, पण मुलांना मी विळी देत नाही. विळीचं पातं जागेवर असतं आणि हात पात्याकडे ढकलावा लागतो. चाकू उलट आपल्या हातात असतो, हवा तेव्हा थांबतो. बारीक दातांचा छोटा चाकू घ्या, पण धारदार घ्या. बोथट चाकू टमाटरच्या सालीवरून घसरतो आणि बोटावर येतो. पाटाखाली ओला फडका अंथरला की पाट सरकत नाही.

शिकवायचं ते असं. काकडीसारखी गोल वस्तू लोळते, म्हणून पहिला उभा काप तुम्ही द्या आणि सपाट बाजू खाली ठेवून तिच्यापुढे द्या. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, नखं पाटाकडे झुकलेली, अंगठा बोटांच्या मागे. चाकूचं पातं बोटांच्या मधल्या पेराला टेकून खालीवर होतं, त्यामुळे टोकं पात्यासमोर येतच नाहीत. सुरुवातीला फोडी जाड-बारीक होतील, होऊ द्या. अंगठा बाहेर निघतोय का एवढंच बघत राहा. थकल्यावर तो पहिल्यांदा निघतो, आणि तो निघाला की चाकू खाली ठेवायची वेळ झाली. मिरची तिला चिरू देऊ नका. हात नीट धुतले तरी तिखट बोटांना राहतं आणि तोच हात डोळ्याला जातो. पहिल्या दिवशी तिखटाची चिमूट पुरे.

दाण्यांचा कूट खलबत्त्यात तिलाच करू द्या. मिठाचा एक धडा इथेच होतो: मीठ आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि कोशिंबीर पातळ होते. कूट, लिंबू, सांबार आधी कालवायचं आणि मीठ वाढायच्या वेळी घालायचं. हवं तर थोड्या कोशिंबिरीत आधी मीठ घालून दहा मिनिटं ठेवा आणि ताटलीत किती पाणी सुटलं ते तिला दाखवा.

आता पोहे. त्याआधी गॅस. पेटवायचं तिला लगेच शिकवा, पण कढई न ठेवता. लायटर बर्नरजवळ न्यायचा, मग नॉब उघडायचा, लगेच लायटर दाबायचा. दोन-तीनदा दाबून पेटलं नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबायचं. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं तर तेवढ्या वेळात साचलेला गॅस एकदम भडकतो. नंतर रेग्युलेटर दाखवा, तिच्या हातानं बंद-चालू करून घ्या. वास आला तर काय करायचं, हेही कोरडं न सांगता करून घ्या: रेग्युलेटर बंद, दार-खिडकी उघडी, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन मोठ्या माणसाला हाक. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून दार सताड उघडं लागतं. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

तीन माणसांना दोन वाट्या जाड पोहे पुरतात. ते चाळणीत घेऊन वरून एकदा पाणी ओतायचं, बोटांनी हलवायचं आणि दहा मिनिटं निथळत ठेवायचं. भिजत घालायचे नाहीत. एक पोहा दोन बोटांत दाबायचा: आत कडक कणी लागली तर पाण्याचा हात फिरवायचा, लगदा झाला तर पाणी जास्त झालं. जास्त भिजलेल्या पोह्यांचा कढईत गोळा होतो आणि मग काही करता येत नाही, म्हणून ही परीक्षा तिलाच करू द्या. पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर चाळणीतल्या पोह्यांवरच टाकून हलक्या हातानं कालवून घ्या. आपण हळद फोडणीत टाकतो. पण तापलेल्या तेलात हळद दोन क्षणांत करपते, आणि मूल घाबरून घाई करतं. अशी पोह्यांना लावली की रंग सारखा चढतो आणि तेलाजवळचा एक हात कमी होतो. फल्लीदाणेही आधीच भाजलेले घ्या, म्हणजे ते तेलात तळायला नकोत.

कांदा एक, तुम्ही अर्धा करून द्या, तिनं चिरावा. गोडनिंबाची पानं आणि सांबार धुतल्यावर फडक्यानं अगदी कोरडे करायचे. उडणाऱ्या तेलाचं कारण पाणी आहे: पाण्याचा थेंब तापलेल्या तेलाखाली गेला की त्याची एकदम वाफ होते आणि ती तेलाला वर फेकते. हे कारण मुलांना सांगितलं की ती कोरडं करायचं विसरत नाहीत. नुसतं ‘पुसून घे’ म्हटलं की दुसऱ्या वेळी विसरतात. हिरवी मिरची घालायची असेल तर चिरून किंवा चीर देऊन घाला. अख्खी मिरची तेलात फुटते.

पहिल्या रविवारी फोडणी तुमच्या हातची. दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवा आणि त्यात एकच मोहरी टाका. ती वर येऊन तडतडली की तेल तयार. पाण्याचा थेंब टाकून तेल बघायची सवय घरात कुणाला असेल तर ती पोरीसमोर नको. आता उरलेली अर्धा चमचा मोहरी टाका आणि तडतड थांबत आली की गॅस बंद करा. बंद आचेवरच मिरची, गोडनिंब आणि मग कांदा पडू द्या. कांदा टाकायचं काम तिचं, पण उंचावरून नाही. ताटली कढईच्या कडेला टेकवून सरकवायचा. तो पडला की गॅस पुन्हा बारीक-मध्यम. तेल धुरावलं तर गॅस बंद करून थांबायचं, कढई उचलायची नाही. तेलानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर सपाट झाकण किंवा ताट ठेवायचं, पाणी कधीही नाही. म्हणून फोडणी देताना तेवढं मोठं ताट हाताशीच असू द्या.

इथून सगळं तिचं. एका हातानं कढई सांडशीनं धरायची, दुसऱ्या हातात सराटा. चार-पाच मिनिटांत कांदा नितळ दिसायला लागतो, तपकिरी व्हायची वाट बघायची नाही. मग दाणे, मग पोहे. सराटा बुडापासून वर आणायचा, दाबायचा नाही. झाकण ठेवून बारीक आचेवर तीन-चार मिनिटं वाफ. आणि झाकण उघडणं हे त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. झाकणाची अंगाकडची कड खालीच टेकलेली ठेवायची आणि समोरची, भिंतीकडची कड आधी उचलायची, म्हणजे वाफ पलीकडे जाते. हे रिकाम्या, थंड कढईवर आधी पाच-सहा वेळा करून घ्या, मग गरमवर. झाकण काढलं की गॅस बंद, सांबार आणि लिंबू. तर्री पाहिजे असं ती म्हणेल. चण्याच्या तर्रीला तेल जास्त लागतं आणि उकळता रस्सा असतो, ती तुम्ही वेगळी करा.

पोहे खाऊन झाले की पोरीला खेळू द्या. सलग दिवसभर स्वयंपाकघरात ठेवलं तर तिसऱ्या पदार्थापर्यंत तिचं लक्ष उडालेलं असतं, आणि तवा तर त्याच वेळी येतो. दुपारी वावरातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या असतील तर गंजात पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं उकडा. गंज तुम्हीच चढवा-उतरवा. शेंग सोलून दाणा दोन बोटांत दबतो का हे तिनं बघावं. गंज उचलून पाणी ओतून काढायच्या भानगडीत पडू नका, शेंगा झाऱ्यानं वर काढा.

धिरडे चार-साडेचारला घ्या, उजेड असताना. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, त्यात लाईन गेली तर तापलेला तवा आणि काळोख एकाच वेळी नको. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, सांबार, मीठ, हळद. पाणी थोडं थोडं घालत पीठ पळीतून सलग धारेनं पडेल इतकं सैल करायचं, साधारण दीड ते दोन वाट्या लागतं. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचं धिरडं पालटताना तुटतं. बेसन ते धरून ठेवतं. कालवून दहा मिनिटं ठेवलं की पीठ पाणी पितं आणि गुठळ्या मोडतात.

तवा कोरडा असताना तापवा आणि त्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब शिंपडा. चर्र करून लगेच उडाले की तवा तयार. ही परीक्षा तेल लावायच्या आधी, नंतर नाही, हे तिच्याकडून म्हणवून घ्या. अर्धा कांदा काटेचमच्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. हात तव्यापासून दूर राहतो आणि तेल पातळ लागतं. पळीभर पीठ मध्यभागी ओतून पळीच्या बुडानं बाहेरच्या बाजूला फिरवायचं. आच मध्यम. आता घाई करायची नाही. वरचं पीठ ओलं चमकतंय तोवर हात लावायचा नाही. चमक गेली, वर बारीक भोकं दिसली आणि कडा तव्यापासून सुटल्या, की साधारण दोन मिनिटांत ते पालटायला तयार होतं. सराटा पूर्ण खाली घालायचा आणि अंगापासून पलीकडे पालटायचं, तव्याला लागूनच, हवेत उडवून नाही.

पहिलं धिरडं बहुतेक तुटतंच. ते का तुटलं हे तिच्यासोबत बघा. बुडाला चिकटलं असेल तर तवा कमी तापला होता किंवा घाईनं पालटलं. बाहेरून भाजलं आणि मधे कच्चं लागलं तर पीठ जाड पसरलं किंवा आच मोठी होती. मधोमध फाटलं तर पाणी जास्त झालं, एक चमचा बेसन घाला. दुसऱ्या धिरड्यात यातलं एकच बदला, म्हणजे काय केल्यानं काय झालं ते तिला समजतं. चार-पाच धिरडे झाले की तिला थांबवा, बाकीचे तुम्ही करा.

गॅस बंद केल्यावरही लोखंडी तवा बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो आणि दिसायला थंडच दिसतो. भाजायचे बरेच प्रकार स्वयंपाक संपल्यावर, आवरताना होतात. तवा शेगडीवरच राहू द्या, त्यावर पाणी टाकू नका आणि धुवायचं काम रात्रीवर ढकला.

आता बादलीचं. चटका बसला तर हात लगेच साध्या पाण्याखाली धरायचा, नळ नसेल तर बादलीतून गडव्यानं सतत ओतत राहायचं, आणि हे पूर्ण वीस मिनिटं. दोन-तीन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते म्हणून लोक सोडून देतात, पण खालची कातडी तेव्हाही तापलेली असते. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तेल, शाई काहीही लावायचं नाही. फोड फोडायचा नाही, वर स्वच्छ सुती कापड सैल ठेवायचं. भाजलेली जागा तिच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, डोळे, बोटांचे सांधे असतील, तर पाणी घालून झाल्यावर आरोग्य केंद्रात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. हे आजींनाही सांगा, कारण घरात त्याच असतील आणि हळद लावायला त्यांचाच हात आधी पुढे होईल.

पुढच्या रविवारी हेच तीन पदार्थ पुन्हा करा, नवीन काही नको. फक्त मोहरी टाकायचं काम तिच्याकडे द्या, तुमचा हात नॉबवर ठेवून. झाकण नीट उघडते, बोटं आत वळलेली राहतात आणि न सांगता गोडनिंब पुसते, एवढं सलग दोन-तीन रविवारी दिसलं की चौथा पदार्थ घ्या, मुगाची उसळ किंवा मऊ खिचडी, कुकरशिवाय गंजात.

आणि तुम्ही वावरात असताना तिनं काय करावं, हे तिला आणि आजींना एकत्र बसवून सांगा. आजी स्वयंपाकघरात जवळ उभ्या राहू शकत असतील आणि त्यांना नीट दिसत असेल, तरच गॅस. आजी ओसरीवर बसून ‘कर गं’ म्हणत असतील तर नाही. त्या दिवशी कोशिंबीर, मुरमुऱ्यात कांदा-टमाटर कालवून, दही-पोहे किंवा सकाळची भाकर आणि दाण्याची चटणी, एवढं ती एकटी करून स्वतःला आणि आजीलाही वाढू शकते. सकाळी वेचणीला निघताना रेग्युलेटर बंद करून जा आणि लायटर वरच्या फळीवर ठेवा. ते का बंद केलं हे तिला ठाऊक असू द्या.